एसओपीत पाण्याचं रॉकेट लिहायचं तर असं

प्रश्न: मी फोंड्याला बारावी सायन्सला आहे. ब्रिटनमधल्या एरोस्पेस इंजिनिअरिंगला अर्ज करतोय. रॉकेट प्रोपल्शनचं वेड मला खरोखर आहे, पण माझी एसओपी, म्हणजे प्रवेशासाठीचं निवेदन, वाचून मावसबहीण म्हणाली, "हे कुणीही लिहिलं असतं." प्रयोग म्हणून मी फक्त सोड्याच्या बाटलीचं पाण्याचं रॉकेट केलंय. ते लिहिलं तर पोरकट वाटेल का?

उत्तर:

पोरकट मुळीच वाटणार नाही. तुझ्या अर्जात तू स्वतःच्या हातानं केलेली गोष्ट तीच आहे, म्हणून निवेदनाचा बराचसा भार तिच्यावरच टाकायला हवा. मी प्रोपल्शनच्या चाचण्यांच्या कामात बरीच वर्षं काढली, आणि आता गोव्यातली मुलं त्यांची निवेदनं वाचायला माझ्याकडे पाठवतात. तुझी बहीण जे म्हणाली ते त्यातल्या बहुतेक पहिल्या मसुद्यांना लागू पडतं. त्यात वेड असतं, पण ते वेड कशाबद्दल आहे ते कळत नाही. चवथीला सोडलेलं रॉकेट, कलामसाहेब, चांद्रयान, अंगावर आलेला काटा. हे सगळं खरं असतं. पण वाचणाऱ्या प्राध्यापकाला त्यातून एवढंच समजतं की या मुलाला रॉकेट आवडतं. ते त्याला तू एरोस्पेसला अर्ज केलास तेव्हाच समजलेलं असतं. त्याला बघायचं असतं ते वेगळंच: आवडलेल्या गोष्टीपाशी हा मुलगा थांबला का, त्याला एखादा प्रश्न पडला का, आणि त्या प्रश्नाचं त्याने पुढे काय केलं.

आधी थोडं व्यवहाराचं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. तू यूकासमधून, म्हणजे ब्रिटनच्या विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेतून, अर्ज करत असशील तर 2026 च्या प्रवेशापासून एकसलग निबंध राहिलेला नाही. तीन प्रश्न आहेत: हा विषय का, शाळेतल्या अभ्यासाने तयारी कशी झाली, आणि शाळेबाहेर आणखी काय केलं. तिन्ही मिळून 4000 कॅरॅक्टर, तेही मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तराला किमान 350. इंग्रजीत ते सहाशे-साडेसहाशे शब्दांच्या आसपास जातं. तेच निवेदन तू निवडलेल्या सगळ्या, म्हणजे जास्तीत जास्त पाच, अभ्यासक्रमांना जातं, तेव्हा त्यात एकाच विद्यापीठाचं नाव घेऊन स्तुती करू नकोस. अमेरिकेत किंवा आपल्याकडच्या खाजगी विद्यापीठांत मागणी वेगळी असते आणि तिथे घरची, गावची गोष्ट जास्त खपते. आयआयटी आणि तिरुवनंतपुरमची आयआयएसटी जेईईच्या गुणांवर घेतात, तिथे हे निवेदन लागतच नाही. मी पुढे जे सांगते ते ब्रिटनचं डोळ्यांसमोर ठेवून. तिथले वाचणारे बऱ्याचदा त्याच विभागातले शिक्षक असतात आणि त्यांना विषयाबद्दल वाचायचं असतं.

चांद्रयान काढून टाकायलाच हवं असंही नाही. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरताना सगळ्या देशाने पाहिलं, म्हणून "मी पाहिलं" एवढ्याने काही सांगून होत नाही. पण त्यातच अकरावीच्या भौतिकशास्त्राने सुटणारा एक हिशोब आहे. लँडरचं वस्तुमान साधारण 1750 किलो, चंद्राचं गुरुत्वीय त्वरण 1.62, म्हणजे चंद्रावर त्याचं वजन होतं 2800 न्यूटनच्या थोडं वर. त्याला चार इंजिनं होती, प्रत्येकी 800 न्यूटनची, एकूण 3200. पूर्ण भरलेल्या लँडरला ती जेमतेम पुरतात. पण उतरता उतरता इंधन जळत जातं, वजन कमी होतं, आणि तोच जोर कायम ठेवला तर लँडर खाली यायच्या ऐवजी पुन्हा वर जाऊ लागेल. म्हणून या इंजिनांचा जोर उडताना कमी-जास्त करता यावा लागतो. घन इंधनाच्या मोटरला हे जमत नाही, ती एकदा पेटली की तिच्या आतल्या इंधनाच्या आकारानुसार जळत जाते. हा हिशोब करून "मग जोर कमी करताना ज्वलन डळमळत कसं नाही?" असा प्रश्न तू लिहिलास, तर चांद्रयानाचं वाक्य तुझं झालं. हे दोन-तीन ओळींत बसतं आणि पहिल्या उत्तराची सुरुवात म्हणून चालतं. त्याहून जास्त जागा त्याला देऊ नकोस, कारण ते इंजिन तू बनवलेलं नाहीस. बाटली तू उडवलीस.

आता बाटलीकडे येऊ. पेडण्याकडच्या एका मुलीचं निवेदन मी वाचलं होतं, तिचंही पाण्याचंच रॉकेट होतं. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रॉकेट बनवलं, न्यूटनचा तिसरा नियम प्रत्यक्ष अनुभवला, संघभावना शिकले आणि बक्षीस मिळालं. यात तिने नेमकं काय पाहिलं ते कुठेच नव्हतं. मी तिला विचारलं, बाटलीत पाणी किती घातलंस? ती म्हणाली, एक तृतीयांश, सगळे तेवढंच सांगतात. आणि दोन तृतीयांश घातलं तर? पाणी जास्त म्हणजे ढकलायला वस्तुमान जास्त, मग रॉकेट जास्त उंच जायला हवं, नाही का? तिने ते एकदा करून पाहिलं होतं. बाटली आळसटल्यासारखी उठली, थोडी वर गेली आणि शेवटचं पाणी नुसतं गळत खाली आली. हे तिच्या लक्षात होतं, पण फसलेला प्रयोग म्हणून तिने ते लिहिलं नव्हतं. निवेदनात लिहायची गोष्ट मात्र तीच होती.

तसं का होतं ते सविस्तर सांगते, कारण तुलाही हाच हिशोब करायचाय. दोन लिटरची बाटली घे आणि सायकलच्या पंपाने गेजवर 4 बारपर्यंत हवा भर, म्हणजे साधारण 60 पीएसआय. बाटलीच्या तोंडातून पाणी ज्या वेगाने बाहेर पडतं तो बर्नुलीच्या समीकरणातून निघतो:

v = √(2P/ρ)

इथे P म्हणजे गेजवरचा दाब आणि ρ म्हणजे पाण्याची घनता. 4 बारला हा वेग येतो सेकंदाला 28 मीटर. आणि जोर येतो:

F = 2PA

A म्हणजे बाटलीच्या तोंडाचं क्षेत्रफळ. ते तोंड आतून साधारण 22 मिलिमीटरचं असतं, त्यावरून सुरुवातीचा जोर 300 न्यूटनच्या आसपास येतो, म्हणजे 30 किलोचं ओझं उचलेल एवढा. सेकंदाला दहा किलोच्या हिशोबाने पाणी बाहेर पडतं, म्हणून पाऊण लिटरच्या आतलं पाणी सेकंदाच्या दहाव्या भागातच संपून जातं. डोळ्यांना दिसतो तो फक्त पांढरा फवारा.

हे आकडे पहिल्या क्षणाचे. पाणी बाहेर जातं तशी आतली हवा पसरते आणि दाब उतरतो. एक तृतीयांश पाणी असेल तर हवेने सुरुवातीला बाटलीचे दोन तृतीयांश व्यापलेले असतात, आणि पाणी संपेपर्यंत ती दीडपट पसरते. दोन तृतीयांश पाणी असेल तर तीच हवा तिप्पट पसरते. इथे बहुतेक मुलं घसरतात ती एका जागी: बॉइलच्या नियमात ते गेजवरचे 4 बार घालतात. गेज शून्यावर असतो तेव्हाही बाटलीत बाहेरच्या हवेएवढा 1 बार असतोच, त्यामुळे नियमात घालायचा दाब 5 बार. तिप्पट पसरल्यावर तो 1.67 होतो, म्हणजे गेजवर 0.67 च. दीडपट पसरल्यावर 3.33 राहतो, गेजवर 2.33. शेवटच्या थेंबाचा वेग तिप्पट पसरल्यावर सेकंदाला साधारण 12 मीटर, दीडपट पसरल्यावर जवळपास 22.

खरी गोष्ट याहून वाईट असते, कारण हे सगळं इतक्या झटक्यात होतं की हवेला बाहेरून उष्णता घ्यायला वेळच मिळत नाही. अकरावीच्या थर्मोडायनॅमिक्समधली समोष्ण नव्हे तर रुद्धोष्म प्रक्रिया इथे जवळची. घातांक 1.4 धरला तर तिप्पट पसरलेल्या हवेचा दाब 1.07 बारवर येतो. बाहेर 1 बार आहे. म्हणजे पाणी संपत आलं तेव्हा त्याला ढकलायला जवळपास काहीच उरलेलं नाही. पेडण्याच्या मुलीने पाहिलेलं गळणारं पाणी ते हेच. दीडपट पसरलेल्या हवेत मात्र 2.8 बार शिल्लक राहतात, आणि पाणी संपल्यावर तीही हवा सूं करून बाहेर पडताना थोडा धक्का देते. खरा आकडा या दोन गणितांच्या मध्ये कुठेतरी असतो, शिवाय आत धुकं होतं तेव्हा सुटणारी उष्णता हवेला थोडी गरम ठेवते. पण तुझ्या निवेदनाला एवढं पुरेसं आहे: पाणी वाढवलं की फेकायचं वस्तुमान वाढतं, पण ते फेकणारी ऊर्जा ज्या हवेत असते तिचीच जागा कमी होते.

आता प्रयोगाकडे, कारण तू पुन्हा उडवणार असशील तर काही गोष्टी आधीच सांभाळायला हव्यात. तुझा लाँचर रबरी बुचाचा असेल, म्हणजे पंप मारत राहायचं आणि दाब पुरेसा झाला की बूच आपोआप सुटतं, तर तुझ्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. बूच किती घट्ट बसवलं, ओलं होतं का, यावर ते कधी दोन बारला सुटेल तर कधी तीनला. तुला वाटेल पाणी बदलल्याने उंची बदलली, आणि खरं तर दाब बदललेला असेल. ओळखायची खूण सोपी आहे: पाणी तेवढंच ठेवून चार-पाचदा उडव. तरीही उंची बरीच वर-खाली होत असेल तर दोष लाँचरचा. केबल टायने बाटलीची मान धरून ठेवणारा आणि दोरी ओढली की सोडणारा लाँचर पाइपाच्या तुकड्यांतून करता येतो. त्यात दाब तू ठरवतोस. आणि 4 बारच्या वर जाऊ नकोस. बाटली चिरलेली, घासलेली नको, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि दाब भरल्यावर बाटलीवर कुणी वाकू नये.

उंची मोजायला कोनमापक, दोरा आणि एक वजन पुरतं. उड्डाणाच्या जागेपासून 50 मीटरवर उभं राहायचं, रॉकेट सगळ्यात वर असताना कोन वाचायचा. 40 अंश आले तर उंची 42 मीटर, त्यात डोळ्यांची उंची मिळवायची. पण वेगाने जाणाऱ्या बाटलीवर हाताने धरलेला कोनमापक तीन अंश सहज चुकतो. 37 अंशांना उंची येते 38 मीटर आणि 43 अंशांना 47. हा नऊ मीटरचा घोळ लक्षात ठेव, पुढे तो कामाला येणार आहे.

वाऱ्याचंही बघ. आपल्याकडे दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, फर्मागुढीच्या पठारासारख्या उघड्या जागेवर तो चांगलाच जाणवतो. पंख लावलेलं रॉकेट वारा जिकडून येतो तिकडे नाक वळवतं आणि तिकडे कलत जातं. ते तुझ्याकडे कललं तर कोन मोठा दिसतो, लांब गेलं तर लहान, आणि उंची प्रत्यक्षात तेवढीच असते. म्हणून सकाळी लवकर उडव आणि समोरासमोर दोघांना उभं करून दोन्ही कोन घे. दोन आकड्यांत मोठा फरक आला की समजायचं, उड्डाण सरळ नव्हतं.

त्या मुलीने हे सगळं केलं. पाव, एक तृतीयांश, अर्धं आणि दोन तृतीयांश पाणी घेऊन प्रत्येकाची बऱ्याचदा उड्डाणं केली. दोन तृतीयांशाचं रॉकेट स्पष्टपणे खाली राहिलं. पाव आणि एक तृतीयांश यांत मात्र तिला फरक दाखवता आला नाही, कारण दोघांतलं अंतर कोनमापकाच्या चुकीपेक्षा लहान होतं. तिला याचं वाईट वाटत होतं. मी म्हटलं, हेच जसंच्या तसं लिही. तिने शेवटी लिहिलेला परिच्छेद साधारण असा होता (मूळ अर्थातच इंग्रजीत):

"जास्त पाणी म्हणजे जास्त उंची, असं मला वाटलं होतं. दोन तृतीयांश भरलेली बाटली सगळ्यांत खाली राहिली. हवा तिप्पट पसरेपर्यंत दाब वातावरणाएवढा उतरतो, हे रुद्धोष्म प्रसरणाच्या गणितातून कळलं तेव्हा शेवटचं पाणी गळताना का दिसत होतं ते समजलं. पाव आणि एक तृतीयांश यांतलं चांगलं कोणतं, हे माझा कोनमापक सांगू शकला नाही. त्याची चूक त्या दोघांतल्या फरकापेक्षा मोठी होती. मग मी उंचीऐवजी जोर मोजायचा प्रयत्न सुरू केला, बाटली उलटी बांधून आणि खाली वजनकाटा ठेवून. पण पाणी सेकंदाच्या दहाव्या भागात संपतं आणि काटा तेवढ्या वेळात स्थिरच होत नाही. खऱ्या इंजिनाच्या चाचणीत हा जोर कसा मोजतात हे मला शिकायचंय."

यात तिने कुठेही "मला प्रोपल्शनचं आकर्षण आहे" असं म्हटलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला त्याची शंका उरत नाही. तिला एक अपेक्षा होती, ती खोटी ठरली, तिने कारण शोधलं, आपल्या मोजमापाची मर्यादा ओळखली आणि दुसरा मार्ग धरून पाहिला. शेवटचा प्रश्नही कुठून उसना आणलेला नाही, तिच्या वजनकाट्यातूनच तो निघालाय. चाचणीच्या ठिकाणी आम्ही लोड सेल वापरतो, जो ताणाचं विजेच्या संकेतात रूपांतर करतो आणि सेकंदाला हजारो नोंदी घेऊ शकतो. तरीसुद्धा ज्या चौकटीवर इंजिन बांधलेलं असतं तिची स्वतःची कंपनं आकड्यांत मिसळतात, आणि ती वेगळी काढणं हे खरंखुरं काम असतं. बारावीतली मुलगी वजनकाट्यावरून त्याच अडचणीपाशी पोचली, हे त्या क्षेत्रातल्या माणसाला लगेच दिसतं.

तिचा परिच्छेद उचलू नकोस, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगते. यूकास आलेली निवेदनं एकमेकांशी आणि जुन्यांशी ताडून बघते. शिवाय तुझी बाटली वेगळी वागली असेल, आणि जे तू पाहिलंस तेवढंच तुला पुढे विचारलं तर सांगता येईल.

बाटलीवरून खऱ्या इंजिनावर कसं जायचं हा पुढचा प्रश्न. बहुतेक निवेदनं इथे एकदम आयन थ्रस्टर नाहीतर मंगळावरची वस्ती यांवर उडी मारतात आणि धागा तुटतो. तुझ्या 28 मीटरच्याच आकड्यावरून पुढे जा. इस्रोच्या एलव्हीएम3 रॉकेटच्या वरच्या टप्प्यात सीई-20 हे क्रायोजेनिक इंजिन आहे, त्यात द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन जळतात. त्यातून बाहेर पडणाऱ्या वायूचा परिणामी वेग निर्वातात सेकंदाला 4300 मीटरच्या घरात आहे, तुझ्या बाटलीच्या दीडशे पट. आणि बाहेर काय पडतं? मुख्यतः पाणीच, वाफेच्या रूपात. तू थंड पाणी दाबलेल्या हवेने फेकतोस, ते इंजिन तीच गोष्ट स्वतः तयार करून, तापवून फेकतं. ऊर्जा बाटलीत हवेच्या दाबात साठवलेली असते, म्हणून जास्त ऊर्जा हवी तर बाटली जाड आणि जड करावी लागते. इंजिनात ती रासायनिक बंधांत असते, टाकीला एवढा दाब सोसावा लागत नाही.

आणखी एक पायरी उतरायची असेल तर हे बघ. ऑक्सिजन आणि हायड्रोजन पूर्ण जळायला वस्तुमानाने 8 ला 1 असं प्रमाण लागतं. सीई-20 मध्ये ते साधारण 5 ला 1 ठेवतात, म्हणजे मुद्दाम हायड्रोजन जास्त, आणि त्यातला काही न जळताच बाहेर जातो. वरकरणी ही उधळपट्टी वाटते. पण हायड्रोजनचा रेणू इतका हलका आहे की त्याने बाहेर पडणारं मिश्रण हलकं होतं, आणि तेवढ्याच तापमानाला हलका वायू जास्त वेगाने बाहेर पडतो. तापमानही जरा कमी राहतं, ते नॉझलच्या भिंतीला सोसतं. अकरावीत मोल आणि वायूच्या रेणूंचा वेग शिकलेल्या मुलाला हे कळतं. शाळेतल्या अभ्यासाबद्दलच्या दुसऱ्या उत्तरात हे घाल: अकरावीत रुद्धोष्म प्रक्रिया शिकलो ती बाटलीत दिसली, रेणूंचा वेग शिकलो त्यातून इंजिनातलं प्रमाण समजलं. "गणित आणि भौतिकशास्त्र माझे आवडते विषय आहेत" यापेक्षा ते कितीतरी जास्त सांगतं. पण तुला हे खरोखर समजलं असेल तरच. नसेल तर बाटलीपाशीच थांब, काही बिघडत नाही.

कारण काही विद्यापीठं मुलाखत घेतात, आणि मुलाखतीतले प्रश्न निवेदनातूनच निघतात. पाण्याचं रॉकेट लिहिणाऱ्याला मी हा विचारला असता: पाण्याऐवजी मिठाचं दाट पाणी घातलं तर जोर वाढेल का? घाईत मुलं "हो, जड आहे ना" म्हणतात. वरचं सूत्र बघ, F = 2PA, त्यात घनता कुठेच नाही. द्रव जड झाला की सेकंदाला बाहेर जाणारं वस्तुमान वाढतं, वेग कमी होतो, आणि जोर तेवढाच राहतो. पण तेवढाच जोर जास्त वेळ टिकतो, कारण तोच द्रव हळू बाहेर पडतो. म्हणून एकूण आवेग वाढतो, घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. आणि मग लगेच पुढचा प्रश्न येतो: तर मग रॉकेट जास्त उंच जाईल का? ते आधी जडही झालंय. याचं उत्तर तू कागदावर काढून ठेव, बाटलीचं रिकामं वजन किती यावर ते बदलतं.

मांडणीबद्दल थोडंसं. विषय का, या पहिल्या उत्तरात चांद्रयानाचा हिशोब आणि बाटलीने निर्माण केलेला प्रश्न येऊ दे, पण प्रयोगाचे तपशील तिसऱ्या उत्तरात ठेव, नाहीतर तेच दोनदा होईल. प्रोपल्शनचंच वेड असलेल्या मुलाने एक गोष्ट लक्षात ठेवावी: पदवीचा अभ्यासक्रम एरोस्पेसचा आहे, त्यात वायुगतिकी, रचना आणि नियंत्रणही शिकावं लागतं, पहिल्या वर्षी तर गणितच जास्त असतं. रॉकेट वाऱ्याकडे का वळलं हे तू लिहिलंस तर ते वायुगतिकीच आहे, आणि एका वाक्यात दिसून जातं की तुझं कुतूहल नॉझलपाशी संपत नाही. मिरामारच्या सायन्स सेंटरला गेलो, अमुक व्याख्यान ऐकलं, अशा गोष्टी त्यातून काही केलं असेल तरच लिही. बक्षिसाला एक अर्धं वाक्य पुरे.

शेवटी एक गोष्ट, तू विचारली नाहीस तरी. वर्षाआड कुणीतरी मुलगा साखर आणि सोरा तापवून घरी केलेल्या इंधनाचं वर्णन पाठवतो, धाडस म्हणून. ते करूही नकोस आणि कुणी केलेलं स्वतःच्या नावावर लिहूही नकोस. विनापरवाना असं मिश्रण बनवणं हा स्फोटकांच्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तापवताना ते पेटलं तर हात आणि चेहरा भाजल्याशिवाय राहत नाही. चाचणी केंद्रावर पेटवताना माणसं दूर भिंतीआड असतात. घरच्या गॅसवर ते शिजवणारा मुलगा प्रयोगशाळेत घ्यावा की नाही, असा प्रश्न वाचणाऱ्या शिक्षकाला पडतो, आणि मग बाकीचं निवेदन कितीही चांगलं असलं तरी त्याच्याकडे त्याचं लक्ष राहत नाही. दाब आणि पाणी यांत तुला मोजायला पुरेसं आहे. पुढच्या सकाळी वारा पडलेला असेल तेव्हा अर्धी बाटली पाणी घेऊन उडव, एक तृतीयांशाशी ताडून बघ, आणि आलेले आकडे घेऊन मसुदा पुन्हा लिही.